तबकडीवरचा देश

नांदगावच्या बाजारात घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे जुनं घड्याळ घेऊन येणारा माणूस आधी तबकडी दाखवतो. सहाच्या आकड्याखाली, अगदी कडेला, बारीक अक्षरांत ‘स्विस मेड’ छापलेलं असतं. त्यावरून मशीन, केस, काटे, काच असं सगळंच स्वित्झर्लंडचं असेल, अशी त्याची खात्री असते. हे दोन शब्द एवढी हमी देत नाहीत. ते काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे पैसे मोजणाऱ्याला कळायलाच हवं.

हे शब्द कधी छापता येतात, हे स्वित्झर्लंड सरकारच्या १९७१ सालच्या आदेशाने ठरवलं. मशीन स्विस असावं, ते केसमध्ये तिथेच बसवावं आणि उत्पादकाने शेवटची तपासणीही तिथेच करावी, या त्यातल्या मुख्य अटी. केस कुठे घडवायची, याचं बंधन त्यात नव्हतं. २०१७ पासून अट कडक झाली आणि संपूर्ण घड्याळाच्या उत्पादनखर्चापैकी किमान ६० टक्के खर्च स्वित्झर्लंडमध्ये झाला पाहिजे, असं ठरलं. तरीही मोजमाप खर्चाचंच राहिलं. कुठला भाग कुठून आला, ते तबकडीवर लिहावं लागत नाही.

आकडे मांडून पाहू. समजा, एका घड्याळाचा उत्पादनखर्च १०,००० रुपये आहे. त्यात मशीनचे ४,००० आणि जुळणी, तपासणी, संशोधन यांचे २,२०० रुपये स्वित्झर्लंडमध्ये खर्च झाले. केस, तबकडी, काच आणि काटे ३,८०० रुपयांना आशियातून आले. स्विस वाटा ६२ टक्के झाला, म्हणजे छाप नियमात बसली. हिशेब सोपा राहावा म्हणून मशीन पूर्ण स्विस धरलं आहे. प्रत्यक्षात स्विस मशीनमध्येही काही भाग बाहेरचे चालतात. आता याच घड्याळात १,५०० रुपयांचं साधं स्विस क्वार्ट्झ मशीन बसवा. एकूण खर्च ७,५०० वर येतो, स्विस वाटा ३,७०० म्हणजे निम्म्याहूनही कमी, आणि छाप जाते. ती टिकवायची तर उत्पादकाला केस किंवा तबकडी स्वित्झर्लंडमध्ये करून घ्यावी लागेल. म्हणजे मशीन महाग असेल, तर बाहेरून आणलेल्या केसला हिशेबात जास्त जागा मिळते. घड्याळ महाग आहे म्हणून त्याची केस स्विस असणार, असं मानायला कायद्यात काहीच आधार नाही.

याचं भारतातलंच उदाहरण आहे. हिमाचल प्रदेशातल्या परवाणू इथे केडीडीएल ही कंपनी तबकड्या बनवते, बंगळूरमध्ये काटे बनवते आणि स्विस कंपन्यांनाही माल पुरवते. ‘स्विस मेड’ ही अक्षरं ज्या पत्र्यावर छापलेली असतात, तो पत्राच भारतातून गेलेला असू शकतो. माझ्या मते त्यात कमीपणा नाही, कारण असं काम नाजूक आणि कौशल्याचं असतं. लपवण्यासारखं त्यात काही नाही, म्हणूनच ते उघडपणे सांगायला हवं, असं मला वाटतं.

त्यामानाने ‘जपान मूव्हमेंट’ हे लेबल स्पष्ट आहे. ते फक्त मशीनबद्दल बोलतं आणि केस चीनची असण्याची शक्यता मोकळी ठेवतं. अमेरिकेचा जकात विभाग घड्याळाचा मूळ देश मशीन कुठे जुळवलं त्यावरून धरतो, त्यामुळे मशीनचा देश वेगळा लिहिण्याची पद्धत रुळली. ‘स्विस मूव्हमेंट’ हेही ‘स्विस मेड’हून वेगळं विधान आहे. दुकानात मात्र दोन्ही एकाच दमात सांगितली जातात.

जुन्या घड्याळांत आणखी एक अडचण येते. फाव्र-ल्यूबा आणि वेस्ट एंड वॉच कंपनी यांचा मुंबईत फार जुना व्यापार होता, म्हणून ही घड्याळं महाराष्ट्रात गावोगाव सापडतात. तबकडी गंजली की ती घासून नव्याने छापतात आणि त्या छपाईत ‘स्विस मेड’ही येतं. तबकडी मशीनला मागच्या दोन बारीक पायांनी धरलेली असते. पाय जुळले, किंवा तोडून चिकटवले, की दुसऱ्याच मशीनवर ती बसते. भिंगाखाली नवी छपाई ओळखता येते. अक्षरं जाड होतात, कडा फुटतात, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत. काही तबकड्यांवर ‘टी स्विस मेड टी’ असतं. तो ‘टी’ ट्रिटियमच्या चमकत्या लेपाची खूण आहे. काट्यांवर आणि खुणांवर असा लेप कधी लावल्याचा मागमूसही नसेल, तर छपाई नंतरची असण्याचा संशय घ्यावा.

खात्री करायची तर मागचं झाकण उघडावं लागतं. मशीनच्या पुलावर, म्हणजे चाकांना धरणाऱ्या पट्टीवर, कंपनी, खड्यांची संख्या आणि देश कोरलेला असतो. झाकणाच्या आतल्या बाजूला केस बनवणाऱ्याची खूण असू शकते. तबकडी, पूल आणि झाकण या तिन्ही जागी एकाच कंपनीचं नाव असेल, तर घड्याळ मूळ रूपात असण्याची शक्यता बरीच वाढते. तबकडीवर एक नाव आणि पुलावर दुसरं असेल, तर ती कंपनी मशीन बाहेरून घेत होती का, हे आधी पाहावं. स्विस धंद्यात ते सर्रास चालत आलं आहे. तसं नसेल, तर विकणाऱ्याने मूळ घड्याळाची किंमत मागू नये आणि घेणाऱ्याने ती देऊ नये. झाकण न उघडताच भाव सांगणाऱ्याकडून असं घड्याळ घेऊ नये.