ज्येच्या वाढीचा हिशेब

वर्तुळाच्या परिघावरून एखादा बिंदू समगतीने फिरत असता त्याची उंची मात्र समगतीने वाढत नाही. आरंभी ती झपाट्याने चढते, माथा जवळ येऊ लागला की मंदावते, आणि माथ्यावर क्षणमात्र स्थिर होऊन उतरू लागते. ही उंची म्हणजेच कोनाची ज्या, जिला आपण शाळेत साइन म्हणून ओळखतो. आणि तिच्या वाढीचा वेग प्रत्येक स्थानी त्याच कोनाच्या कोटिज्येइतका असतो, हा आज पाठ्यपुस्तकातील एका ओळीचा सिद्धांत होऊन बसला आहे. त्या ओळीमागील युक्तिवाद उलगडू लागले म्हणजे असे दिसते की, असंख्य स्थानांविषयीचा हा प्रश्न प्रथम एकाच स्थानी, म्हणजे शून्य कोनापाशी, आणून सोडावा लागतो, आणि तेथे त्याचा निकाल लागला की बाकीचे सर्व आपोआप निकालात निघते.

या विचाराचा पहिला धागा आर्यभटाच्या इ. स. ४९९ च्या ग्रंथात सापडतो. त्याने वर्तुळाच्या चतुर्थांशाचे २४ भाग पाडून, म्हणजे २२५-२२५ कलांच्या अंतराने, लागोपाठच्या ज्यांमधील फरक नोंदले. त्यासाठी त्रिज्या घेतली ती ३४३८ कलांची. ही संख्या लहरीने निवडलेली नव्हे: परिघाच्या २१,६०० कला मानल्या, तर त्याच मापाने मोजलेली त्रिज्या जवळजवळ ३४३८ भरते. चाप आणि सरळ रेषा अशा रीतीने एकाच मापाने मोजल्या गेल्यामुळे या कोष्टकातील पहिली नोंद मोठी बोलकी ठरते. २२५ कलांच्या चापाची ज्याही २२५ कलाच आहे; सूक्ष्म हिशेबाने ती २२४.८६ येते. लहान चाप आणि त्याची ज्या यांत व्यवहारतः भेद उरत नाही, हे तत्त्व येथे शब्दांत सांगितलेले नसले तरी आकड्यांत नमूद झालेले आहे.

भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त या नोंदीचे नियमात रूपांतर केले. चंद्राची गती मोठी आणि क्षणोक्षणी बदलणारी असल्यामुळे तिथी नेमकी कधी संपते हे काढताना दिवसभराची सरासरी गती पुरी पडत नाही, त्या क्षणाची, त्यांच्या शब्दांत तात्कालिक, गती लागते. आणि ती काढण्यासाठी ज्या त्या क्षणी किती वेगाने बदलते हे कळणे अवश्य असते. त्यांची तजवीज साध्या त्रैराशिकाची होती: आरंभी कोटिज्या पूर्ण त्रिज्येइतकी असताना ज्येची वाढ २२५ होते, तर इष्ट स्थानी कोटिज्या अमुक असताना ती किती? आरंभस्थानीच्या वाढीला कोटिज्येच्या प्रमाणात कमी केले की कोठल्याही स्थानीची वाढ मिळते, हा सिद्धांताचा गाभा येथे संपूर्ण आलेला आहे.

तीस अंशांवर हा नियम पडताळून पाहू. तेथे ज्या १७१९ आणि कोटिज्या २९७७ आहे. म्हणून पुढील २२५ कलांत होणारी वाढ २२५ गुणिले २९७७ भागिले ३४३८, म्हणजे सुमारे १९५ यावयास हवी. कोष्टकात मात्र पुढची ज्या १९१० आहे, अर्थात वाढ १९१ च. या चार कलांच्या तफावतीचे कारण नियम खोटा असणे हे नव्हे. २२५ कलांचा टप्पा ओलांडीत असतानाच कोटिज्या घटत जाते, आणि आपण तर आरंभीचीच कोटिज्या साऱ्या टप्प्याला लावली आहे. तीच कोटिज्या टप्प्याच्या मध्यावरची, म्हणजे ३१ अंश ५२½ कलांवरची घेतली, तर ती २९१९.५ भरते आणि वाढ बरोबर १९१ येते.

मध्यबिंदूने हिशेब असा जुळावा हा योगायोग नाही. कोन x पासून x + h पर्यंत नेला, तर त्रिकोणमितीचे एक जुने सूत्र सांगते:

sin(x + h) − sin x = 2 cos(x + h/2) sin(h/2)

यातील कोटिज्या मध्यावरचीच आहे. दोन्ही बाजूंना h ने भागल्यावर उजवीकडे दोन घटक उरतात: cos(x + h/2), आणि sin(h/2) भागिले h/2. टप्पा लहान लहान होत गेला की पहिला घटक cos x कडे सरकतो, कारण कोटिज्या कोठेही उडी घेत नाही. दुसऱ्या घटकात x चा मागमूसही नाही. तो केवळ शून्यापाशी ज्या आणि चाप यांचे गुणोत्तर काय होते एवढेच विचारतो. ते गुणोत्तर १ कडे जाते असे ठरले की अवकलज cos x. कोशी या फ्रेंच गणितीने १८२३ च्या आपल्या व्याख्यानांत हीच मांडणी केली आहे.

ते गुणोत्तर १ कडेच का जाते, याचे उत्तर त्याने दोनच वर्षे आधी, १८२१ च्या ग्रंथात दिले होते. त्रिज्या १ असलेल्या वर्तुळात h हा लघुकोन घेतला, तर ज्या चापापेक्षा लहान आणि चाप स्पर्शज्येपेक्षा लहान असतो: sin h < h < tan h. यावरून sin h भागिले h हे गुणोत्तर cos h आणि १ यांच्या दरम्यान कोंडले जाते. h = ०.१ असता खालची मर्यादा ०.९९५०, आणि गुणोत्तर ०.९९८३; h शून्याकडे जाता खालची मर्यादाच वर सरकत १ ला भिडते, आणि गुणोत्तराला दुसरीकडे जावयास वाट उरत नाही. अंशांत मोजल्यास मात्र हेच गुणोत्तर ०.०१७४५ कडे जाते, आणि तो गुणक प्रत्येक अवकलजाच्या मागे लागतो. आर्यभटाच्या ३४३८ या त्रिज्येने हाच गुणक टाळला होता. आजचे रेडियन माप तेच काम करते.

आता चाप खरोखरच या दोहोंच्या मध्ये आहे, हे कशावरून? पाठ्यपुस्तके क्षेत्रफळांचा आधार घेतात: आतला त्रिकोण, वर्तुळपाकळी आणि बाहेरचा त्रिकोण ही एकापेक्षा एक मोठी. परंतु पाकळीचे क्षेत्रफळ h/2 असते हे कबूल करताना वर्तुळाचे क्षेत्रफळ आणि परिघ यांचा संबंध आपण आधीच गृहीत धरलेला असतो, आणि तो संबंध जर ज्येच्या समाकलनाने सिद्ध केला असेल, तर युक्तिवाद स्वतःभोवतीच फिरतो. अंश आणि छेद या दोहोंचे अवकलज घेऊन ही सीमा काढणाऱ्या विद्यार्थ्याचीही गत तीच, कारण जे सिद्ध करावयाचे तेच तो साधन म्हणून वापरतो. आर्किमिडीजने ही अडचण गृहीतकाने सोडविली होती: समान टोकांच्या, एकाच बाजूस फुगलेल्या दोन रेषांपैकी जी दुसरीला वेढते ती अधिक लांब. आतून काढलेल्या तुटक रेषांच्या लांबींची न्यूनतम वरची मर्यादा म्हणजे चापाची लांबी, अशी व्याख्या आपण केली, तर हे गृहीतक सिद्ध करता येते आणि वर्तुळदोष नाहीसा होतो. म्हणजे मूलतत्त्वांपासून केलेल्या या सिद्धतेत अगदी तळाशी असते ते h ला शून्याकडे नेणे नव्हे, तर वाकड्या रेषेची लांबी कशाला म्हणावे याचा निर्णय. तो झाल्यावाचून sin h ला ज्या h ने भागावयाचे, त्या h लाच अर्थ नसतो.