प्रामाणिकपणावर टाकलेलं जाळं

फ्रीलान्स कामाच्या नावाखाली एखादा तरुण फसला की आपल्याकडे शेरा ठरलेला असतो: लोभ नडला. जागृतीच्या फलकांवरही बहुधा तेच लिहिलेलं असतं, आमिषाला बळी पडू नका. हा सल्ला चुकीचा नाही, पण नवख्या फ्रीलान्सरला त्याचा फारसा उपयोग होत नाही. ज्या दोन सापळ्यांत तो सर्रास अडकतो, त्यांतला एक दिलेला शब्द पाळण्याच्या धडपडीवर चालतो आणि दुसरा परक्याचा पैसा आपल्याकडे राहू नये या संस्कारावर. ज्याला आपण लोभी नाही याची खात्री असते तो या सल्ल्यामुळे स्वतःला सुरक्षित समजतो, आणि नेमका तोच गाठला जातो.

पहिला सापळा फॉर्म भरण्याच्या कामाचा. समजा, नुकतीच बी.कॉम. झालेली एक मुलगी जाहिरात वाचते: घरून डेटा एंट्री, एका फॉर्मला 30 रुपये, नोंदणी फी नाही. आधी पैसे मागणारे फसवतात हे तिने ऐकलेलं असतं, म्हणून ‘फी नाही’ या दोन शब्दांनीच तिची निम्मी शंका फिटते. ती आधार, पॅन आणि फोटो पाठवते. तिकडून करारनामा येतो, त्यावर ती मोबाइलच्या स्क्रीनवरच सही करते. मग लॉगिन मिळतं. सहा दिवसांत 600 फॉर्म भरायचे, अचूकता किमान 90 टक्के हवी.

फॉर्मची चित्रं मुद्दाम पुसट ठेवलेली असतात. ‘ओ’ हे अक्षर आहे की शून्य, ते कळत नाही. पत्त्यात स्वल्पविराम आहे की टिंब, तेही नाही. एका फॉर्मला सहा मिनिटं धरली तरी दिवसाचे शंभर फॉर्म म्हणजे दहा तास झाले. मुलगी रात्री जागून काम संपवते. सातव्या दिवशी तपासणीचा अहवाल येतो: अचूकता 84 टक्के, काम नापास. करारातल्या एका कलमाप्रमाणे आता मोबदला मिळणार नाहीच, उलट पोर्टल वापरल्याचे 6,500 रुपये तिनेच भरायचे. दुसऱ्या दिवशी स्वतःला वकील म्हणवणाऱ्याचा फोन येतो. राजमुद्रा छापलेली नोटीस व्हॉट्सॲपवर येते. आज संध्याकाळपर्यंत पैसे भरले नाहीत तर गुन्हा दाखल होईल, पोलीस घरी येतील, असं सांगितलं जातं. घरच्यांना कळू नये म्हणून ती पैसे भरते. मग ‘ना हरकत प्रमाणपत्रा’साठी आणखी पैसे मागितले जातात.

सुरुवातीला न मागितलेली आगाऊ फीच इथे शेवटी दंडाच्या रूपात वसूल झाली. काम देणाऱ्याला ते फॉर्म नकोच होते. करारावरची सही आणि घरचा पत्ता हाच त्याचा माल होता.

हे आधी ओळखता येतं का? येतं, आणि त्यासाठी भाषेतल्या चुका किंवा खोटा लोगो शोधत बसावं लागत नाही. डेटा एंट्रीचं खरं काम कसं चालतं एवढं ठाऊक असलं तरी पुरतं. जिथे अचूकतेला खरोखर महत्त्व असतं तिथे एकच फॉर्म दोन माणसांकडून स्वतंत्रपणे टाइप करून घेतात आणि दोन्ही नोंदी ताडून पाहतात. जुळलं नाही तर मूळ कागद पुन्हा काढतात. चूक निघाली तर त्या फॉर्मचे पैसे कापले जातील, पुढचं काम मिळणार नाही. पण 600 पैकी बहुतेक फॉर्म बरोबर भरलेल्या माणसाकडून उलट वसुली होत नाही. शिवाय नव्या माणसाला आधी पाच-दहा फॉर्मचा नमुना देऊन पारखतात. एकही फॉर्म भरून न पाहता सहा दिवसांत 18,000 रुपयांचं काम अनोळखी हातात कुणी देत असेल, तर त्याला कामाच्या दर्जाची पर्वा नाही, हे तिथेच उघड होतं. म्हणून करार वाचताना ‘मला किती मिळणार’ या ओळीपेक्षा ‘मी देणं लागेन’ असं सांगणारी ओळ आधी शोधावी. असं कलम दिसलं तर सही करू नये.

सही होऊन गेली असेल तरी घाबरण्याचं कारण नाही. टायपिंग वेळेत किंवा अचूक झालं नाही हा फार तर दिवाणी वाद आहे; त्यासाठी पोलीस अटक करत नाहीत. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 19 प्रमाणे फसवून संमती मिळवून केलेला करार ज्याची फसवणूक झाली त्याला रद्द करता येतो. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय कलम 74 नुसार वाजवी तेवढीच भरपाई देतं. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. खटला खरोखर दाखल झाला असेल तर त्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो आणि तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. तरीही मनात धाकधूक राहिली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. तिथे स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. फोनवरच्या माणसाला नेमकी हीच भीती असते की मुलगी नोटीस घेऊन कुणाकडे तरी जाईल. म्हणूनच तो ‘आज संध्याकाळपर्यंत’ असं बजावत असतो.

दुसरा सापळा जास्त पैसे आल्याचा. लोगो करून देणाऱ्या एका मुलाचा दर 4,000 रुपये ठरतो. ग्राहक घासाघीस करत नाही, लगेच आगाऊ पैसे पाठवतो म्हणतो. थोड्याच वेळात फोनवर संदेश येतो: खात्यात 40,000 जमा. पाठोपाठ ग्राहकाचा रडवेला फोन: ‘दादा, चुकून एक शून्य जास्त पडलं. आई दवाखान्यात आहे, 36,000 लगेच परत करा ना.’ मुलगा सज्जन असतो. परक्याचे पैसे एक मिनिटही ठेवायला त्याला अवघड वाटतं.

बहुतेक वेळा पैसे आलेलेच नसतात. संदेश साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून पाठवलेला असतो. बँकेचे संदेश अक्षरी नावाने येतात. पण संदेश पारखत बसण्यापेक्षा बँकेचं ॲप उघडून शिल्लक पाहणं हाच खात्रीचा मार्ग. कधी परतफेडीसाठी क्यूआर कोड येतो आणि ‘हा स्कॅन करून पिन टाका, हिशोब आपोआप जुळेल’ असं सांगितलं जातं. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच.

इथवरचं अनेकांना ठाऊक असतं. शिल्लक खरोखर वाढलेली दिसते तेव्हा मात्र सावध माणूसही चुकतो. अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या मुलांना हा अनुभव चेकच्या रूपाने येतो. तिथल्या नियमांप्रमाणे बँकेला चेकची रक्कम थोड्याच दिवसांत खातेदाराला वापरायला द्यावी लागते. पण रक्कम वापरता येणं आणि चेक वटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेक बनावट असल्याचं कधी कधी काही आठवड्यांनी कळतं, तेव्हा बँक पूर्ण रक्कम परत काढून घेते. तोवर ‘जादाचे’ पैसे ग्राहकाने सांगितलेल्या तिसऱ्याच माणसाला पाठवून झालेले असतात आणि ती तूट मुलाच्या माथी बसते.

आपल्याकडे तर पैसे अगदी खरे असू शकतात, फक्त ते दुसऱ्याच कुणाचे तरी चोरलेले असतात. सायबर तक्रार झाली की पैसा ज्या ज्या खात्यांतून फिरला त्यांचा माग काढला जातो. त्या साखळीत लोगो करणाऱ्या मुलाचंही खातं असतं, आणि ते गोठवलं जातं. चोराचा पैसा पुढे सरकवणारा म्हणून आता त्यालाच खुलासा द्यावा लागतो. परतफेड त्याने सद्भावनेने केली होती, पण ती ग्राहकाने दिलेल्या वेगळ्याच यूपीआय आयडीवर. चोराला हवं होतं ते एवढंच.

म्हणून जास्तीचे पैसे आले तर आपल्या हाताने ते कुणालाही पाठवू नयेत. बँकेला लेखी कळवावं की ही रक्कम माझी नाही, जिथून आली त्याच खात्यावर बँकेमार्फत परत करा. अर्जाची पोच घ्यावी आणि तोवर त्या रकमेला हात लावू नये. खरोखर चूक झालेला माणूस आपल्या बँकेत जाईल, दोन दिवस थांबेल. जो थांबायला तयार नाही आणि पैसे दुसऱ्याच खात्यावर मागतो, त्याच्यावर विश्वास ठेवायचं कारण उरत नाही.

दोन्ही प्रकारांत ओळखायची खूण एकच आहे: पैसा कुठल्या दिशेने जातो. काम करणाऱ्याकडे पैसा येतो, त्याच्याकडून जात नाही. नोंदणी, अनामत, प्रशिक्षण, दंड, परतावा अशी नावं बदलत राहतात, दिशा बदलत नाही. याला काही रास्त अपवाद आहेत. फ्रीलान्सिंगच्या मंचांची दलाली असते, पण ती मिळालेल्या मोबदल्यातून कापली जाते. अपवर्कवर प्रस्ताव पाठवायला लागणारे कनेक्ट्स विकत घ्यावे लागतात, पण ते पैसे मंचाला त्याच्याच संकेतस्थळावर जातात, काम देणाऱ्याला नाही. तेव्हा प्रश्न असा विचारावा: मला काम देतो म्हणणाऱ्यालाच, किंवा तो सांगेल त्यालाच, मी पैसे देतो आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर तिथेच थांबावं. कंपनीचा जीएसटी क्रमांक खरा निघाला म्हणूनही पुढे जाऊ नये. त्या नावाची कंपनी आहे एवढंच त्यावरून कळतं. समोरचा माणूस त्या कंपनीचा आहे की नाही, ते कळत नाही.

पैसे गेलेच तर 1930 या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. पैसा बँकांच्या साखळीत असेपर्यंत तो रोखता येतो. एटीएममधून निघाला की संपलं. पहिला तास लाजेत गेला तर नुकसान भरून येत नाही, आणि ‘लोभ नडला’ हा आपला शेरा त्या लाजेत भर घालतो. जी मुलगी शब्द पाळायला रात्रभर जागली, जो मुलगा परक्याचे पैसे परत करायला धावला, त्यांना लोभी म्हणणं हा अन्याय आहे. त्यांचा प्रामाणिकपणा कमी पडला नव्हता. घाई करणाऱ्याला ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पहिलं काम शोधायला निघालेल्या मुलांना घरात आणि कॉलेजात हे आधीच सांगायला हवं.