खालची खुर्ची

खालच्या जागेचं आमंत्रण आम्हां नागपूरकरांना नवं नाही. 1956 सालापर्यंत आमचं गाव एका अवाढव्य राज्याची राजधानी होतं. मग राज्यांची फेररचना झाली आणि पुढे आम्ही उपराजधानी म्हणून मिरवू लागलो. विधिमंडळ हिवाळ्यात येतं, संत्री खातं आणि मुंबईला परत जातं. त्यामुळे मानाचं पान हुकणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आमच्या एका स्नेह्यांना परवा असंच एक पत्र आलं. गृहस्थ अठरा वर्षं हिशेबखात्यात आहेत, हाताखाली बारा माणसं आहेत, वर्षाला एकवीस लाख मिळतात. पत्र बंगळुरूच्या एका भरती करणाऱ्या मुलीचं होतं. 'आपली कारकीर्द पाहून आम्ही प्रभावित झालो' अशी सुरुवात, आणि खाली जागा बुटीबोरीच्या कारखान्यात कनिष्ठ हिशेबनिसाची. अनुभव दोन ते पाच वर्षं, पगार साडेचार लाख. स्नेही उसळले. "काहून बाप्पा, आता मी व्हाउचरं चिकटवत बसू?" आणि त्यांनी जे उत्तर लिहायला घेतलं, ते वाचून त्या पोरीनं नोकरीच सोडली असती.

मी त्यांना थांबवलं. माझं म्हणणं एवढंच, की अपमान करायला आधी समोरच्यानं आपल्याकडे पाहिलेलं असावं लागतं. इथं कुणी पाहिलंच नव्हतं. नोकरीच्या संकेतस्थळावर 'हिशेब', 'कर', 'नागपूर' असे शब्द टाकले की शेकडो नावं पुढे येतात, आणि त्या सगळ्यांना एकच मजकूर जातो. कारकीर्द पाहून प्रभावित झालं असेल तर ते यंत्र. त्यातून आमच्या स्नेह्यांनी तिथली स्वतःची माहिती सहा वर्षांत बदललेली नाही आणि पगाराचा रकाना संकोचानं कोरा ठेवलेला. आता कोऱ्या रकान्यात मोठेपणा दिसायचा कसा?

दुसरी गोष्ट पैशाची. माणूस मिळवून देणाऱ्या संस्थेला तिची दक्षिणा कंपनीकडून मिळते, उमेदवाराकडून नाही. (उमेदवाराकडे जो पैसे मागतो, तो भरती करणारा नव्हेच. तिथं उत्तरच देऊ नये.) ही दक्षिणा पुष्कळदा वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, म्हणजे एक महिन्याचा पगार असते. साडेचार लाखांवर साडेसदतीस हजार, आणि एकवीस लाखांवर पावणेदोन लाख. म्हणजे स्नेह्यांचा पगार वाढवता आला असता तर त्या संस्थेनं तो आनंदानं वाढवला असता! पण पगाराची चौकट कंपनी ठरवते. घासाघीस करून साडेचाराचे पाच होतील, एकवीस होणार नाहीत. मग त्या मुलीशी भांडून करायचं काय? तिकीट खिडकीवरच्या माणसाशी रेल्वेच्या वेळापत्रकावरून वाद घालण्यातलाच तो प्रकार.

मात्र नुसत्या हुद्द्यावर जाऊ नये. एका ठिकाणचा 'असोसिएट' दुसऱ्या ठिकाणच्या मॅनेजरपेक्षा जास्त घेऊन जातो. पगार लिहिलेला नसेल तर नकाराआधी तो विचारावा. इथं आकडाच छापलेला होता, तेव्हा प्रश्न मिटला.

शेवटी आम्ही दोघांनी मिळून लिहिलं : 'आठवण केल्याबद्दल आभार. ही जागा दोन ते पाच वर्षांच्या अनुभवाची आहे. मी अठरा वर्षं या कामात असून बारा जणांचा विभाग सांभाळतो. नागपुरात विभागप्रमुखाची जागा, वर्षाला चोवीस लाखांच्या पुढे असल्यास जरूर कळवावे.' बस्स. सध्याचा पगार लिहिला नाही. हवा तो आकडा लिहिला. सध्याचा फुगवून सांगण्यात अर्थ नसतो, पुढे पगारपत्रकं मागतात.

खरा पेच यानंतर आला. शेजारचा मुलगा तीन वर्षं एका सी.ए.कडे तीन लाखांवर राबतोय. त्याला हे साडेचार लाख म्हणजे दीडपट. स्नेही मात्र अडले. "मी नाकारलेलं त्याला द्यायचं? उष्टंच की ते!"

मला हा प्रश्न फार खरा वाटला. आपल्याला हलकी वाटलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात देताना आपण त्याची किंमत ठरवतो का? मला वाटतं, 'माझ्या लायकीची नाही, तू बघ' असं म्हणून दिली तर ठरवतो. पण उष्टं होण्यासाठी तोंड लावावं लागतं, आणि यांनी ताटाला हातसुद्धा लावला नव्हता. न दाखवणं हे मला जास्त वाईट वाटलं, कारण मग त्या मुलाच्या वतीनंही नकार आपणच दिल्यासारखं झालं. पत्र मुलाला दाखवायचं, तो हो म्हणाला तरच त्याचं नाव कळवायचं, असं ठरलं. त्याला न विचारता त्याचा नंबर बंगळुरूला पाठवणं, ही मदत नव्हे.

मुलगा "हो काका" म्हणाला आणि नाव गेलं. मुलीचं उत्तर तासाभरात आलं. त्यात स्नेह्यांच्या अठरा वर्षांबद्दल अवाक्षर नव्हतं. फक्त विचारलं होतं, "मुलगा लवकरात लवकर कधी येऊ शकेल, सर?"

पुढच्या महिन्यात यंत्रानं स्नेह्यांना पुन्हा तेच पत्र पाठवलं. या वेळी जागा वर्ध्याची होती, आणि पगार चार लाख. त्यांनी जुनंच उत्तर तारीख बदलून धाडलं आणि मला म्हणाले, "चला, तर्री-पोहे खाऊन येऊ."