तिच्या स्वप्नातले घर

सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली अमेरिकेत मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकाची भाषा रचली. पुढे तिच्यात एक कासव आले. आज्ञा द्यावी तसे ते चालते आणि मागे रेघ उमटवते. या कासवाची एक छोटी गोष्ट कल्पून सांगतो.

एका मुलीला स्वप्नात एक घर दिसे. ‘हे तुला काढता येईल का?’ असे विचारावे म्हणून तिने टंकले, GHAR. पडद्यावर उमटले, I don't know how to GHAR. तिने कानडीतला शब्द घातला, MANE. उत्तर तेच. संगणकाला दोन्ही शब्द सारखेच अनोळखी! घर म्हणजे काय, हे तिनेच शिकवायचे होते.

तिने चौकोन शिकवला, मग त्रिकोण. दोन्ही जोडले, तर छप्पर भिंतींच्या आतच आडवे पडले. ‘हे माझे घर नव्हे,’ ती म्हणाली. मग ती स्वतःच कासव होऊन जमिनीवर चालली. चौकोन पुरा करून कासव डाव्या कोपऱ्यात पायथ्याशीच परतते आणि तोंड वर करून उभे राहते, हे तिला उमगले. छप्पर घालण्याआधी त्याला भिंत चढवायला हवी, थोडे वळवायलाही हवे:

```
TO GHAR
REPEAT 4 [FD 100 RT 90]
FD 100 RT 30
REPEAT 3 [FD 100 RT 120]
END
```

शंभर पावले वर, तीस अंश उजवीकडे. छप्पर जागेवर बसले.

आता प्रश्न असा, की हे घर काढले कोणी? रेघा संगणकाच्या, हे खरे. पण ‘हे नव्हे’ असे म्हणणारी मुलगी होती. मनातले घर पुरे रंगवलेल्या चित्रासारखे नसते. दार कोणत्या बाजूला, हे तिलाही आधी ठाऊक नसते. चुकलेले छप्पर पाहिल्यावरच आपल्याला काय नको आणि काय हवे, हे तिला कळत जाते.

आजची चित्रे काढणारी यंत्रे एका वाक्यावर सुंदर घर उभे करतात. लोकांच्या असंख्य चित्रांवरून ती शिकलेली असतात. मुलीने जे सांगितले नाही, ते त्या चित्रांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टींनी भरून निघते. कौले येतात, बाग येते, धुराडेही येते. धोका कुरूपतेचा नाही, देखणेपणाचा आहे. पडलेले छप्पर मुलीला खटकते. देखणे चित्र मात्र ती ‘हेच ते’ म्हणून स्वीकारते आणि मनातले घर हळूहळू पुसले जाते.

अशा यंत्राने काढलेले चित्रही तिचे होऊ शकते. परीक्षा एवढीच, की चित्रातले काय चुकले, हे तिला सांगता येते का? ‘दार इथे नको, आजी बसते त्या बाजूला हवे,’ असे ती म्हणाली, तर घर अजून तिचेच आहे. काहीच चुकलेले दिसत नसेल, तर तिला ‘नव्हे’ म्हणायला शिकवणे हे आपले, वडीलधाऱ्यांचे काम आहे.