गोट्यांचा डबा

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

ताई सांगत होती, तुझा गोट्यांचा डबा गच्च भरलाय, पण संध्याकाळी तू घरातच बसतोस. का, ते मी विचारत नाही. आमच्या आळीतल्या एका मुलाची गोष्ट तेवढी सांगतो.

आम्ही रिंगण खेळायचो. प्रत्येकाने गोलात आपली गोटी लावायची आणि दुरून नेम धरून जी गोटी बाहेर काढाल, ती तुमची. डाव्या हाताचा अंगठा मातीत रोवायचा, मधल्या बोटाला गोटी लावून बोट मागे ताणायचं आणि सोडायचं. गोटी सुटेपर्यंत अंगठा जागचा हलता कामा नये.

हा मुलगा बोट ताणताना अंगठा हळूच पुढे सरकवायचा. आधी बोटभर, मग वीतभर. रोवलेल्या अंगठ्याचा मातीत वाटोळा खळगा उमटतो, सरकलेल्याचा लांब चरा. गोटी सुटली की सगळे तिच्याकडे बघायचे, तेवढ्यात हा तळहाताने चरा पुसून टाकायचा.

डाव रोज त्याचाच. पुढे एकदा पलीकडच्या आळीशी सामना ठरला. तिथला एक पोरगा त्याच्या अंगठ्याशीच उकिडवा बसला. अंगठा जागेवर ठेवावा लागला आणि पहिली गोटी रिंगणाच्या अलीकडेच थांबली, दुसरी बाजूने गेली. जवळून मारायची सवय झालेल्या हाताला लांबचा अंदाजच उरला नव्हता.

आमच्यातलं कुणी त्याला काही बोललं नाही. घरी येऊन त्याने डबा पालथा केला. सुरुवातीला जिंकलेल्या गोट्या चकचकीत होत्या, अलीकडच्या सगळ्या टवके उडालेल्या. त्याने पुसलेली माती मुलांनी केव्हाच पाहिली होती. त्याच्याशी खेळताना ती चांगल्या गोट्या घरी ठेवून यायची. इतके दिवस आपण जिंकतोय असं त्याला वाटत होतं आणि मुलं त्याला टाकाऊ गोट्या देऊन वाटेला लावत होती.

बाळू, तुझ्या डब्यात काय आहे ते एकदा तूच बघ. आणि उद्या खेळायला जा. अंगठा रोव आणि कुणाला तरी शेजारी बसून बघायला सांग. लांबून जमत नसेल तर सगळ्यांदेखत ‘मला वीतभर पुढून मारू द्या’ असं म्हण. मागून घेतलेली सवलत मुलं खुशाल देतात. तुझी सगळ्यात चांगली गोटी रिंगणात लाव. ती जाईल, आणखीही जातील, जाऊ देत. नेम सुधारायला चुकलेल्या गोट्याच लागतात, कारण किती कमी पडलं हे त्याच सांगतात. मुलांचा विश्वास त्याहून उशिरा येईल. कुणी तुझ्यासमोर पुन्हा आपली चांगली गोटी लावली, की तो आला असं समज. तोवर रुसून घरी येऊ नकोस.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा