दरवाढीची चिठ्ठी

महिन्याच्या डब्याचा दर वाढवताना बहुतेक घरगुती खानावळी एकच ओळ पाठवतात : ‘उद्यापासून दोन वेळचा डबा ४,००० रु. महागाईमुळे नाइलाज. सहकार्य करावे.’ चार-पाच वर्षे डबा घेणाऱ्याला यात जुना दर दिसत नाही, पैसे आगाऊ भरलेल्या चालू महिन्याचे काय होणार ते कळत नाही आणि पोळ्या तेवढ्याच राहतील का, हेही समजत नाही. ‘सहकार्य करावे’ हे तर विनंतीच्या वेषातले फर्मान असते.

यावर व्यवसाय-मार्गदर्शकांचा हल्लीचा आवडता सल्ला असा, की ओळ आणखी छोटी करावी. कारण दिले की घासाघीस सुरू होते. दर सांगा आणि गप्प बसा. पुन्हा न येणाऱ्या गिऱ्हाइकापुरता तो खराही असेल. डब्याचे गिऱ्हाईक मात्र तेल आणि डाळ स्वतःच्या घरासाठीही आणत असते. विक्रेत्याने हिशेब दिला नाही तर ते स्वतः मांडते आणि त्यात खानावळीचे भाडे, मजुरी, गॅस यांतले काहीच नसते. गप्प बसल्याने घासाघीस टळत नाही, ती जिन्यात होते, आणि तिथे उत्तर द्यायला विक्रेता हजर नसतो.

या सल्ल्यामागची खरी भीती वेगळी आहे. तेलाचे कारण दिले आणि उद्या तेल उतरले, तर दरही उतरवावा लागेल. डॅनियल कानमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टोरांटो आणि व्हँकूव्हरच्या रहिवाशांना फोनवरून असेच प्रश्न विचारले होते. खर्च वाढला म्हणून दर वाढवणे लोकांना सर्वसाधारणपणे रास्त वाटले. उलट खर्च घटल्यावर दर तोच ठेवला, तरी निम्म्याच्या आसपास लोकांनी ते चालवून घेतले. त्यांना खटकले ते निराळेच : घाऊक भाव वाढल्याचे ऐकताच दुकानदाराने आधीच्या भावाने भरून ठेवलेला माल महाग विकणे. ७९ टक्क्यांनी ते अन्याय्य ठरवले. आगाऊ पैसे भरलेल्या महिन्याच्या मध्यात ‘उद्यापासून’ म्हणणे याच जातीचे आहे. तेव्हा भीती बाळगायचीच तर ती तारखेची बाळगावी.

जुन्या गिऱ्हाइकांना कायम जुनाच दर द्यावा, हे मत उदार दिसते. पण एकाच डब्याला दोन दर लागले की नवे गिऱ्हाईक दुखावते आणि जुने ओशाळते. त्यावर अधिक वेळ घालवण्यात अर्थ नाही.

कारण आणि हिशेब यांत फरक करायला हवा. ‘महागाई’ हे कारण झाले; ते खोटे नसते, पण तपासताही येत नाही. हिशेब तपासता येतो. समजा, साठ डब्यांच्या खानावळीचा दर ३,६०० वरून ४,००० होतो आहे. वाढीव ४०० रुपयांत किराणा-भाजीचे १७०, गॅसचे ५० आणि पोळ्या लाटणाऱ्या दोघींच्या पगारवाढीचे १०० बसतात. उरलेले ८० मालकिणीच्या कमाईचे. नेमके हेच ८० महागाईच्या नावाखाली लपवले जातात, आणि पकडले गेले की बाकीच्या ३२० वरचा विश्वासही उडतो. ते उघड लिहिण्यात कमीपणा नाही. सगळी वही उघडायचे मात्र कारण नाही. वाढलेल्या रकमेपुरता हिशेब पुरतो.

मग चिठ्ठी अशी होते :

‘सप्रेम नमस्कार. दोन वेळच्या डब्याचा दर सध्या ३,६०० रु. आहे; १ एप्रिलपासून तो ४,००० रु. होईल. मार्चचे पैसे भरलेल्यांना मार्चमध्ये काहीही जास्त द्यावे लागणार नाही. वाढलेल्या ४०० रुपयांपैकी १७० किराणा-भाजीचे, ५० गॅसचे, १०० पोळ्या करणाऱ्या ताईंच्या पगारवाढीचे आणि ८० माझ्या स्वतःच्या कमाईचे आहेत. तीन वर्षे मी ती वाढवली नव्हती. पोळ्या, भाजी, आमटी-भात तेवढेच राहील. हा दर पुढच्या मार्चअखेरपर्यंत बदलणार नाही. खाड्यांचा नियम आहे तोच. एक वेळचा डबा करायचा असेल किंवा थांबायचे असेल तर २५ मार्चपर्यंत कळवा. अनामत आठ दिवसांत परत मिळेल.’

ही चिठ्ठी मार्चच्या पहिल्या आठवड्यात डब्याबरोबर कागदावर जावी. ग्रुपवरचा मजकूर नंतर. ग्रुपवर आधी टाकली तर एकाचा राग सगळ्यांचा होतो, आणि ज्याला परवडत नाही त्याला ते चारचौघांत सांगावे लागते. दर टिकवण्याची मुदत झेपेल तेवढीच लिहावी. बारा महिन्यांची खात्री नसेल तर सहाच लिहावेत, कारण मोडलेली मुदत पुढच्या चिठ्ठीतला प्रत्येक आकडा संशयास्पद करते.

चिठ्ठी जमली की नाही, हे येणाऱ्या प्रश्नांवरून कळते. ‘कधीपासून?’, ‘पोळ्या तेवढ्याच ना?’ असे प्रश्न आले, तर काहीतरी लिहायचे राहिले आहे. ‘एक वेळचा किती पडेल?’ असे विचारले जाऊ लागले, तर लोकांनी हिशेब वाचला आहे आणि ते आपला हिशेब जुळवत आहेत. काहीजण तरीही सोडून जातात.