त्या जुळ्या मुलींना आजार कोणता होता?

नोव्हेंबर २०१८ मध्ये शेन्झेनचे शास्त्रज्ञ हे जियानकुई यांनी जाहीर केले, की भ्रूणावस्थेतच जनुक बदललेल्या दोन जुळ्या मुली जन्माला आल्या आहेत. जगभर गदारोळ झाला. पुढच्या वर्षीच्या अखेरीस चिनी न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची कैद सुनावली. या गोंधळात एक साधा प्रश्न मागे पडला: त्या मुलींना आजार कोणता होता?

कोणताच नव्हता. वडिलांना एचआयव्ही होता, आईला नव्हता. अशा जोडप्यांसाठी शुक्रजंतू धुऊन वेगळे काढण्याची पद्धत जुनी आहे आणि इथेही ती वापरलीच होती. म्हणजे भ्रूणांना विषाणूची बाधा नव्हती. हे यांनी बदलले ते सीसीआर-५ हे जनुक. विषाणूचा पेशीत शिरण्याचा दरवाजा याच जनुकापासून बनतो. काही युरोपीय लोकांत या जनुकाची ३२ अक्षरे निसर्गतःच गळालेली असतात, आणि आई-वडील दोघांकडून अशी प्रत मिळाली तर एचआयव्हीची बाधा सहसा होत नाही. तसे काहीतरी मुलींना मिळावे, हा बेत होता. याला रोग टाळणे म्हणायचे की गुण बहाल करणे?

ही रेष आखण्याचा प्रयत्न जुना आहे. अमेरिकेचे संशोधक फ्रेंच अँडरसन १९८० च्या दशकात दोन भेद मांडत होते. शरीरातल्या पेशींवर केलेला उपचार रुग्णाबरोबर संपतो. बीजपेशींत किंवा भ्रूणात केलेला बदल पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. दुसरा भेद आजार बरा करण्याचा आणि निरोगी माणसाला ‘वाढीव’ करण्याचा. १९९० मध्ये त्यांच्या चमूने चार वर्षांच्या मुलीवर जनुकीय उपचार केला, तो शरीरपेशींवरच. तेव्हा पहिली रेष पक्की वाटत होती, कारण ती ओलांडण्याचे हत्यारच नव्हते. २०१२ नंतर क्रिस्परने ते दिले, आणि सगळा भार दुसऱ्या रेषेवर आला: आजारासाठी चालेल, आवडीसाठी नाही.

ऐकायला हे रास्त वाटते. थॅलेसेमियाचे उदाहरण घेऊन ते तपासू. पती-पत्नी दोघे वाहक असले, तर प्रत्येक भ्रूणाला आजार होण्याची शक्यता चारांत एक. टेस्ट ट्यूब पद्धतीने आठ भ्रूण तयार झाले, तर सरासरी सहा आजारमुक्त निघतील. पाचव्या दिवशी प्रत्येकाच्या बाहेरच्या थरातल्या चार-पाच पेशी काढून तपासायच्या आणि आजारमुक्त भ्रूण गर्भाशयात सोडायचा. जनुकाला हात लावण्याची गरजच नाही. (भ्रूण निवडणे तरी योग्य का, हा वेगळा वाद, तो मी टाळत नाही, फक्त इथे उकरत नाही.) बदल अटळ ठरतो तो प्रत्येक भ्रूण आजारी असणार असेल तेव्हा, उदाहरणार्थ पती-पत्नी दोघांनाही थॅलेसेमिया मेजर असेल तर. अशी जोडपी फार थोडी. २०२० मध्ये या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय आयोगानेही, पुढेमागे सुरुवात करायचीच झाली तर मुख्यतः अशाच मोजक्या जोडप्यांपासून करावी, असे म्हटले.

मग एवढ्या थोड्यांसाठी हे तंत्र कोण उभारील? उभारलेच तर गिऱ्हाईक कुठून आणील? माझी शंका इथे आहे. ‘आजार’ हा दरवाजा अरुंद आहे, आणि तो रुंद करण्याचा सोपा मार्ग म्हणजे ‘पुढे होऊ शकणारा आजार’ त्यात घालणे. हे यांनी नेमके तेच केले.

शिवाय काम फसले. एका मुलीत जनुकाची एकच प्रत बदलली, दुसरी शाबूत राहिली. दुसऱ्या मुलीत दोन्ही बदलल्या, पण एकही नैसर्गिक ३२ अक्षरांच्या गळतीसारखी नव्हती. म्हणजे कुणात कधीच तपासला न गेलेला बदल थेट बाळात आला. त्यात क्रिस्परची कात्री सगळ्या पेशींत सारखी चालत नाही, आणि तपासलेल्या चार-पाच पेशी उरलेल्या भ्रूणाची हमी देत नाहीत.

महाराष्ट्राला या वाटेचा उतार ठाऊक आहे. गर्भजल परीक्षा आपल्याकडे आली ती जन्मजात व्यंगे शोधायला. पण गुणसूत्रांच्या त्याच तपासणीत लिंगही कळत होते. कुणाला वेगळे यंत्र आणावे लागले नाही, वेगळी सुई टोचावी लागली नाही. मुली कमी होऊ लागल्या, चळवळ उभी राहिली आणि १९८८ मध्ये या राज्याने देशातला पहिला कायदा केला. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. २००३ मध्ये त्याच्या कक्षेत गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही आणावी लागली, कारण तोवर तंत्र भ्रूणापर्यंत पोचले होते.

म्हणून ‘आजारासाठीच आहे’ एवढ्यावर माझे समाधान होत नाही. परवानगी मागणाऱ्याने आधी दाखवावे, की या जोडप्याचा एकही भ्रूण आजारमुक्त निघणे शक्य नव्हते. शेन्झेनच्या त्या जोडप्याबाबत हे दाखवता आले नसते.